खाते बदलल्याचे पत्र असे लिहा की खोटे पत्र उघडे पडेल

महोदय,

फोंडा, कुंडई, मडकई या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचे आणि दुकानदारांचे हिशेब मी लिहितो. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील सर्व रक्कम खालील खात्यात जमा करावी’ अशी पत्रे माझ्या टेबलावर नेहमी येतात आणि मलाही ती लिहावी लागतात. गोव्यात याची कारणेही घडत आली आहेत. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरात आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाली, आणि त्यानंतर शेकडो व्यवसायांचे आयएफएससी कोड बदलले. त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये म्हापसा अर्बनचा आणि २०२१ च्या जुलैत मडगाव अर्बनचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला, आणि तिथल्या खातेदारांना दुसरीकडे जाणे भाग पडले. त्यामुळे ‘खाते बदलले’ हे वाक्य इथल्या माणसाला संशयास्पद वाटत नाही. भामट्याला नेमके तेच हवे असते.

माझे म्हणणे एवढेच की आपण प्रामाणिक माणसे ही पत्रे अगदी चोरासारखी लिहितो. वर लेटरहेड, खाली शिक्का आणि सही, सोबत कॅन्सल्ड चेकचा फोटो, मध्ये ‘तातडीचे’ असा शब्द आणि ‘काही शंका असल्यास खालील मोबाइलवर संपर्क साधावा’. यातली प्रत्येक गोष्ट चोरालाही करता येते. लेटरहेड तुमच्या जुन्या बिलावरून उचलता येते, चेकचा फोटो अर्ध्या तासात बदलता येतो, आणि खालचा मोबाइल त्याचाच असतो.

माझ्या ओळखीतला एक प्रकार सांगतो. नावे देत नाही. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याने बँक बदलली आणि सगळ्या गिऱ्हाइकांना नव्या खात्याच्या क्रमांकासह ई-मेल पाठवला. मेल खरा, क्रमांक खरा. दीड-दोन आठवड्यांनी त्यातल्या एका काजू कारखान्याला त्याच मेलच्या उत्तरात दुसरा मेल आला. खाली आधीचा सगळा पत्रव्यवहार होता आणि वर दोन ओळी: मागच्या पत्रात खाते क्रमांक टाइप करताना चूक झाली, त्याबद्दल क्षमस्व, सुधारित क्रमांक सोबतच्या पीडीएफमध्ये आहे. बँक तीच, शाखा मात्र वेगळी. काजूवाल्यांच्या कारकुनाने आरटीजीएसची स्लिप भरली, शिपायाने ती बँकेत दिली, आणि ३ लाख ८५ हजार रुपये गेले. खोकीवाल्याने पंधरा दिवसांनी बाकी मागितली तेव्हा दोघांनाही कळले. आता एक म्हणतो मी पैसे दिले, दुसरा म्हणतो मला मिळाले नाहीत. इतक्या वर्षांचे संबंध असूनही दोघे वकिलांमार्फत बोलतात.

यात पहिला मेल खरा होता, आणि त्यानेच दुसऱ्याला वाट करून दिली. मेलबॉक्समध्ये शिरलेला माणूस लगेच काही करत नाही. तो वाचत बसतो, कोणाचे बिल मोठे आहे, पैसे केव्हा निघतात, कोण कोणाला काय म्हणून हाक मारते, हे सगळे पाहून मग लिहितो. या मेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावात एक अक्षर जादा होते, ते मोबाइलच्या पडद्यावर दिसतही नाही. आयएफएससीची पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवा शून्य आणि पुढची सहा शाखेची असतात. त्या सहावरून शाखा परराज्यातली आहे हे कळले असते, पण ती कोण बघतो?

इथे एक गोष्ट व्यापाऱ्यांना अजून नीट माहीत नाही. आपल्याकडे एनईएफटी आणि आरटीजीएसचे पैसे खाते क्रमांकावर जमा होतात. स्लिपवर तुम्ही खोकीवाल्याचे नाव लिहिले आणि क्रमांक तिसऱ्याच कोणाचा दिला, तरी रक्कम त्या तिसऱ्याकडे जाते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये आदेश काढून १ एप्रिल २०२५ पासून बँकांना एक सोय द्यायला लावली आहे. पैसे पाठवण्यापूर्वी खाते क्रमांक आणि आयएफएससी घातला की बँकेच्या नोंदीतले खातेदाराचे नाव दिसते. त्याला शुल्क नाही, आणि नेट बँकिंग वापरत नसाल तर शाखेतही ते विचारता येते. शिपायाने काउंटरवर तेवढे विचारले असते तर कुठल्यातरी अनोळखी व्यक्तीचे नाव समोर आले असते.

पण गिऱ्हाइकाने हे विचारावे कशाच्या आधारावर? बँकेत कोणते नाव दिसायला हवे, हे त्याला आपणच आधी सांगितले पाहिजे. म्हणून मी आता ज्यांचे हिशेब लिहितो त्यांच्याकडून असे पत्र पाठवून घेतो:

‘आमचे सध्याचे खाते (शेवटचे चार अंक ४४७१) १ जुलैपासून बदलत आहे. या पत्रात नवा क्रमांक मुद्दाम दिलेला नाही. तो छापील कागदावर आमचा माणूस १५ जूनपर्यंत आणून देईल, पण त्यावरही शेवटचे चार अंक नसतील. ते घेण्यासाठी आमच्या जुन्या बिलांवर छापलेल्या ऑफिसच्या फोनवर तुम्ही स्वतः फोन करावा. कोणत्याही मेलमध्ये किंवा मेसेजमध्ये आलेल्या नंबरवर करू नये. पैसे भरण्यापूर्वी बँकेत खातेदाराचे नाव, त्या कागदावर छापले आहे, तसेच दिसले पाहिजे. वेगळे दिसल्यास भरणा थांबवावा. जुने खाते ३० सप्टेंबरपर्यंत चालू राहील, शंका असल्यास तोवर तिथेच भरावे. या बदलात कोणतीही दुरुस्ती आम्ही ई-मेल, व्हॉट्सअ‍ॅप किंवा फोनवरून कळवणार नाही. तसे काही आले तर ते आमचे नव्हे. खात्री करून घेण्यात दिवस गेले तर त्याचे व्याज लावणार नाही.’

यातले शेवटचे वाक्य घालायला मालक सहसा तयार होत नाहीत. मी मात्र त्यावर अडून बसतो. गिऱ्हाइकाचा कारकून खात्री करत नाही, कारण उशीर झाला तर साहेब ओरडतील आणि समोरचा व्याज लावेल अशी त्याला भीती असते. ३१ मार्चच्या आसपास तर लहान उद्योगांची बिले चुकती करण्याची इतकी घाई असते की कोणी कुठे फोन लावत बसत नाही. उशीर चालेल असे तुम्ही लेखी दिलेत की त्याच्यावरचा हा दबाव जातो. आणि मग ‘आजच भरा, नाहीतर माल थांबेल’ असे कोणी लिहिले तर ते तुमचे लिहिणे नव्हे, हेही त्याला आपोआप कळते.

शेवटचे चार अंक फोनवर देण्याची युक्ती त्रासाची आहे, हे मान्य. पण ‘खात्रीसाठी फोन करावा’ असे नुसते लिहिले तर दहातले नऊजण करत नाहीत. क्रमांक अपुरा असला की करावाच लागतो, आणि तो करणारा तुमचा जुना नंबर फिरवतो. परगावच्या गिऱ्हाइकाकडे माणूस पाठवणे शक्य नसते, तिथे कागद स्पीड पोस्टने जातो, चार अंक मात्र तसेच फोनवर. ऑफिसात फोन घेणाऱ्या माणसाला आधी नीट समजावून ठेवा. गिऱ्हाइकाने फोन केला आणि पलीकडून ‘मला काही माहीत नाही, शेठ बाहेर गेलेत’ असे उत्तर आले, तर सगळेच फुकट. चवथीच्या आठवड्यात ही पत्रे काढू नयेत ती याचसाठी. अर्धा गोवा तेव्हा गावच्या घरी असतो, आणि फोन उचलायला कोणी नाही हे भामट्यालाही ठाऊक असते.

खातेदाराचे नाव पासबुकावरून अक्षर न अक्षर उतरवून घ्यावे. कितीतरी लहान धंद्यांचे खाते मालकाच्या स्वतःच्या नावावर असते, किंवा बँकेने नाव तोडून लिहिलेले असते. पत्रात फर्मचे नाव छापले आणि बँकेत मालकाचे दिसले, तर खरा भरणाही थांबेल. असे दोनदा झाले की लोक नाव बघणेच सोडून देतील.

काहीजण म्हणतात, एक रुपया पाठवून बघावे. जरूर पाठवावा, पण एक रुपया जमा झाला एवढ्यावर थांबू नये. भामट्याचेही खाते चालू असते, त्याच्याकडेही रुपया पोहोचतो आणि तो ‘मिळाला, धन्यवाद’ असा मेलही करतो. अकरा रुपये सदतीस पैसे अशी काहीतरी विचित्र रक्कम पाठवावी, जुन्या फोनवर बोलावे आणि किती आले ते समोरच्याला सांगायला लावावे. आकडा आपण आधी उच्चारू नये.

माल पुरवणाऱ्यांना हेच पत्र पाठवून भागत नाही, कारण त्यांच्याकडून आपल्याला पैसे यायचे नसून जायचे असतात. त्यांना एवढे कळवावे की अमुक तारखेपासून आमचे पैसे वेगळ्या बँकेतून येतील, तुमच्या खात्याची माहिती आमच्याकडे आहे, ती पुन्हा पाठवू नये. ‘आमची नवी बँक आली, व्हेंडर नोंदणीसाठी चेकचा फोटो आणि ओटीपी द्या’ असे आमच्या नावाने कोणी विचारले तर देऊ नये, हेही स्पष्ट लिहावे. बँक बदलल्याची बातमी बाहेर पडली की असे फोन सुरू होतात.

आपल्या दैनिकात ‘जाहीर सूचना’ छापल्या जातात. व्यापाऱ्यांनी खातेबदलाचीही सूचना तिथे द्यावी, खाते क्रमांक न देता: अमुक फर्मचे खाते अमुक तारखेपासून बदलत आहे, तपशील मेलवर येणार नाही. मेलबॉक्समध्ये शिरलेल्या चोराला छापील पानावर काही बदलता येत नाही. अशा चार ओळींच्या सूचनेसाठी आपण स्वस्त दर ठेवलात, तर लहान दुकानदारही ती देतील.

पैसे गेलेच, तर वकील आणि पोलीस चौकी यांच्याआधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक लावावा आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाने त्या भरण्याचा यूटीआर क्रमांक घेऊन आपली बँक गाठावी. अशी खाती काही तासांत रिकामी होतात. खोकीवाल्याच्या प्रकरणात पंधरा दिवसांनी शोध लागला, तेव्हा त्या खात्यात गोठवण्यासारखे काहीच उरले नव्हते.

आपला,
एक हिशेबनीस, फोंडा