अटकपूर्व जामीन म्हणजे पळ काढणं नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातली पान 5 वरची बातमी वाचली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही, म्हणून आज सकाळीच लिहायला बसले. ‘अटकेच्या भीतीने कोर्टात धाव’ असं हेडिंग, आणि खाली तुमच्या बातमीदाराचं वाक्य की गुन्हा केलाच नसेल तर अटकपूर्व जामिनाची गरज काय. हा प्रश्न 2022 साली आमच्या घरात रोज कुणी ना कुणी विचारत होतं, त्याचं उत्तर आता मी तुम्हाला देते.

माझा धाकटा भाऊ सरकारी खात्यात क्लार्क आहे आणि तेव्हा त्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता. एका सभासदाचं निधन झालं, शेअर सर्टिफिकेट नॉमिनी असलेल्या मुलीच्या नावावर झालं, आणि दुसऱ्या मुलीने तक्रार दिली की ना-हरकत पत्रावरची सही माझी नाहीच. भावावर गुन्हा दाखल झाला, त्यात फसवणुकीचं कलम 420 तर होतंच पण महत्त्वाचा दस्तऐवज बनावट केल्याचं 467 पण लावलं. सगळा फरक इथे पडतो. 420 ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि सुप्रीम कोर्टाने 2014 साली अर्नेश कुमार केसमध्ये सांगितलंय की अशा गुन्ह्यांत पोलिसांनी आपोआप अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, अटक गरजेची का ते लिहून ठेवायचं. पण 467 ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे त्या एका आकड्याने नोटिशीचं ते संरक्षण गेलं. एफआयआरमध्ये कोणतं कलम घालायचं हे पहिल्या दिवशी ठाण्यात बसून ठरतं, तिथे माझ्या भावाला कुणी विचारलं नव्हतं.

आणि अटक झाली असती तर? दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे, मग पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, मग जामिनाचा अर्ज, मग तारीख. सरकारी नोकर 48 तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की 1979 च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे तो निलंबित झाला असंच मानलं जातं, वेगळी चौकशी वगैरे आधी लागत नाही. दोन दिवस हो! पुढे निर्दोष सुटला तरी ते दोन दिवस सर्व्हिस बुकात राहतात. त्याला दोन लहान मुली, घराचा हप्ता. त्याला भीती या 48 तासांची होती, खटल्याची नव्हती.

वकिलांनी सत्र न्यायालयात अर्ज टाकला. पहिल्या तारखेला काहीच मिळालं नाही, कोर्टाने पोलिसांचा ‘से’, म्हणजे त्यांचं म्हणणं, मागवला आणि चार दिवसांनंतरची तारीख दिली. ते चार दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत. दाराची बेल वाजली की आई देवघरात जाऊन बसायची. त्याच आठवड्यात एका पेपरात (तुमच्या नव्हे) त्याच्या सोसायटीच्या नावासकट आलं, ‘आरोपी सेक्रेटरी फरार’. अर्जावर त्याचा पत्ता होता, मोबाईल नंबर होता, तो रोज ऑफिसला जात होता, मग फरार कसा?

पुढच्या तारखेला सरकारी वकील म्हणाले कोठडीत चौकशी पाहिजे, मूळ कागद जप्त करायचेत, सह्यांचे नमुने घ्यायचेत. आमचे वकील म्हणाले कागद आजच देतो, नमुने कधीही घ्या. कोर्टाने ते मान्य केलं आणि ऑर्डर झाली. तुमच्या बातमीदाराला अटी म्हणजे कागदावरची औपचारिकता वाटते, पण माझ्या समजुतीने प्रत्येक अट ही अटकेसाठी दिलेल्या एकेका कारणाला दिलेलं उत्तर असते. कागद हवेत ना, मग मूळ कागद जमा कर आणि नमुने दे. पळून जाईल वाटतं, तर परवानगीशिवाय देश सोडायचा नाही आणि दर सोमवारी आणि गुरुवारी 10 ते 1 ठाण्यात हजेरी, आरोपपत्र दाखल होईपर्यंत. साक्षीदारांवर दबाव आणेल, तर फिर्यादीशी किंवा साक्षीदारांशी कसलाही संपर्क नाही. शिवाय 25 हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. जामीनदार मी राहिले, घरपट्टीची पावती, सॅलरी स्लिप, रेशन कार्ड घेऊन. आणि ऑर्डर म्हणजे अटकच नाही असंही नसतं, ठाण्यात रीतसर अटक दाखवली, बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला आणि मग बाँडवर सोडलं. वाचला तो फक्त कोठडीतून.

आता ती संपर्काची अट. फिर्यादी बाई त्याच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहतात. लिफ्टमध्ये त्या दिसल्या की हा जिन्याने जायचा. सोसायटीच्या मीटिंगला जाणं बंद, कारण अर्धे साक्षीदार तिथेच. सेक्रेटरीपद सोडलं. त्यांच्या घरात गळती झाली तेव्हा त्या स्वतः दार वाजवत होत्या आणि वहिनीने दार उघडलं नाही, कारण कुणी म्हणालं असतं दबाव आणला, आणि अट मोडली म्हणून जामीन रद्द करायचा अर्ज आला असता.

हजेरीचं तर बोलूच नका. आठवड्यातून दोन अर्ध्या रजा, बाकावर तीन तास, रजिस्टरमध्ये सही, आणि सुरुवातीचे दोन-तीन दिवस सोडले तर कुणी एक प्रश्न विचारला नाही. तपास करायचाय तर बोलवा, तो येईलच, पण नुसतं बसवून कसला तपास होतो? पाच महिन्यांनी अट शिथिल करायचा अर्ज केला तेव्हा ‘बोलावल्यावर हजर’ एवढंच राहिलं. हा अर्ज करता येतो हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं, रजा संपेपर्यंत बिचारे बसून राहतात.

तुमच्या बातमीत हा दिलासा ‘काही दिवसांचा’ असं पण लिहिलंय. अंतरिम ऑर्डर तशी असते, पुढच्या तारखेपर्यंतची, पण अंतिम ऑर्डरला अशी मुदत सहसा लावायची नसते, ती खटला संपेपर्यंत चालू शकते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने जानेवारी 2020 मध्ये सुशीला अग्रवाल केसमध्ये सांगितलंय. आणि एफआयआर व्हायच्या आधीसुद्धा अर्ज करता येतो, फक्त भीतीला ठोस कारण दाखवावं लागतं, हे तर 1980 पासून ठरलेलं आहे. जाता जाता, अटकपूर्व जामिनाचं कलम 438 जुन्या कायद्यातलं. 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 482 आहे, तुमच्याकडे अजून 438 च छापून येतंय, कृपया बघा.

अकरा महिन्यांनी आरोपपत्र आलं. त्यात 467 नाही, फक्त 420 आहे. म्हणजे ज्या कलमामुळे नोटिशीची सोय गेली होती तेच पोलिसांनी स्वतः काढलं. खटला अजून चालू आहे, काय व्हायचं ते कोर्ट ठरवेल, त्यावर मी काही म्हणत नाही. पण ‘फरार’ छापणाऱ्या पेपरला आम्ही आरोपपत्राची कॉपी दोनदा पाठवली, एक ओळ आली नाही.

कालच्या बातमीतला माणूस दोषी आहे की नाही मला माहीत नाही, तुमच्या बातमीदारालाही नाही. त्याच्या अर्जावर येत्या मंगळवारी सुनावणी आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्या दिवशी जी ऑर्डर होईल ती छापा, मिळाला तर अटींसकट, आणि काल जेवढ्या जागेत छापलं तेवढ्याच जागेत.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली