इंजिनाच्या बाजूच्या स्प्रिंगा पूर्ण बसल्याबद्दल आणि चुकीच्या दुरुस्तीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : जनरेटरखालच्या चार स्प्रिंगांची चुकीची निवड आणि एकावर एक स्प्रिंग ठेवून केलेली दुरुस्ती

महोदय,

शिरोली एमआयडीसीत माझं लहान मशीन शॉप आहे. आमच्या जनरेटरचं डिझेल इंजिन आणि अल्टरनेटर एकाच चॅनेलच्या फ्रेमवर बसवलेले आहेत. फ्रेमसकट वजन ६०० किलो. जमिनीत जाणारा कंप थांबावा म्हणून मी आपल्याकडून चार स्प्रिंगा घेतल्या आणि बसवूनही आपल्याच माणसांकडून घेतल्या. पहिल्या आठवड्यापासून इंजिन सुरू आणि बंद होताना लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येऊ लागला. इंजिनाकडच्या दोन्ही स्प्रिंगांची वेटोळी एकमेकांना टेकत होती आणि टेकलेल्या जागी रंग घासून चकाकी आली होती. फ्रेम त्या बाजूला डोळ्यांना दिसेल इतकी कलली होती, आणि सायलेन्सरच्या पाइपाचा जोड ताणला जात होता.

आपल्या निवडीच्या कागदावर हिशोब असा आहे : ६०० भागिले चार म्हणजे प्रत्येक स्प्रिंगवर १५० किलो. स्प्रिंगची ताठरता १० किलो प्रति मिलिमीटर, म्हणून दाब १५ मिलिमीटर. स्प्रिंग २५ मिलिमीटरला पूर्ण बसते, म्हणजे १० मिलिमीटर मोकळे राहतात. हा हिशोब वजन बरोबर मध्यावर असेल तरच खरा. जनरेटरमध्ये इंजिन जड आणि अल्टरनेटर हलका असतो, त्यामुळे वजन मध्यावर असेल हे गृहीतच धरता येत नाही. ऑर्डर घेताना वजनाचा मध्य कुठे आहे, हे आपल्यापैकी कुणीही मला विचारलं नाही.

ते मी स्वतः मोजलं. स्प्रिंगा काढून, त्यांच्याच जागी दोन्ही टोकांखाली वजनकाटे ठेवले आणि फ्रेम लेव्हलमध्ये घेतली. इंजिनाच्या टोकाला ४२० किलो आले, अल्टरनेटरच्या टोकाला १८०. दोन्ही ओळींमधलं अंतर १००० मिलिमीटर आहे, तेव्हा वजनाचा मध्य इंजिनाच्या ओळीपासून ३०० मिलिमीटरवर येतो. आडव्या दिशेला वजन जवळपास मध्यावर आहे, त्यामुळे एका ओळीतल्या दोन स्प्रिंगा भार सारखा वाटून घेतात. इंजिनाकडे प्रत्येकीवर २१० किलो आणि २१ मिलिमीटर दाब. अल्टरनेटरकडे ९० किलो आणि ९ मिलिमीटर. उतार १२ मिलिमीटरचा. इंजिनाकडे मोकळे राहिले फक्त ४ मिलिमीटर, आणि सुरू होतानाच्या हेलकाव्याला तेवढे पुरत नाहीत. आवाज येतो तो यामुळे.

आपला प्रतिनिधी आला तेव्हा त्याने फ्रेमच्या मधोमध पट्टी लावली, १५ मिलिमीटर मोजले आणि कागदाप्रमाणे सगळं ठीक आहे असं लिहून गेला. मधोमध १५च येणार, कारण २१ आणि ९ यांची सरासरी १५ आहे. चारही स्प्रिंगा शेजारी शेजारी म्हणून ताठरतेची बेरीज ४० किलो प्रति मिलिमीटर, हे खरं. पण ती बेरीज लागू पडण्यासाठी सगळ्या स्प्रिंगा सारख्याच दबायला हव्यात, आणि त्यासाठी वजन त्यांच्या ताठरतेच्या मध्यावरून खाली जायला हवं. आमच्याकडे वजन जिथे आहे तिथे फ्रेम १७.४ मिलिमीटर खाली गेली आहे. त्या जागी हीच जोडणी ४०ची नाही, साधारण ३४.५ची आहे. बेरजेचा आकडा बरोबर असूनही स्प्रिंगा पूर्ण बसल्या त्या म्हणूनच.

यानंतर जे झालं त्याचा मला जास्त राग आहे. दुसऱ्या भेटीत आपल्या मेकॅनिकने इंजिनाच्या बाजूला ‘डबल सपोर्ट’ म्हणून प्रत्येक स्प्रिंगखाली तशीच आणखी एक स्प्रिंग ठेवली, मध्ये पट्टी घातली आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच उंचीचे ठोकळे दिले. एकावर एक ठेवलेल्या स्प्रिंगा भार वाटून घेत नाहीत. वरच्या स्प्रिंगवर आलेले २१० किलो जसेच्या तसे खालचीवर जातात, दोघी २१-२१ मिलिमीटर दबतात आणि मिळून ४२. जोडीची ताठरता १०ची ५ झाली. कोणत्या टोकाला किती भार, हे तर वजनाच्या जागेवरून ठरतं, तराजूच्या दांडीसारखं. तिथली स्प्रिंग मऊ केल्याने तो कमी होत नाही. उतार १२चा ३३ मिलिमीटर झाला. फ्रेम इतकी कलली की वरचं वजन सरकून इंजिनाकडचा भार उलट थोडा वाढला. एकावर एक उभ्या स्प्रिंगांचा तो मनोरा इंजिन चालू असताना बाजूला डोलत होता. मी लगेच इंजिन बंद केलं. आणखी तासभर चाललं असतं तर डिझेलचा पाइप तुटला असता, अशी त्याची अवस्था होती. तिथे काम करणाऱ्या मुलांच्या जिवाशी हा खेळ होता.

लेव्हलिंगचे बोल्ट फिरवून उतार काढा, हा फोनवरचा सल्लाही निरुपयोगी आहे. बोल्टने फ्रेम सपाट दिसेल, पण इंजिनाकडच्या स्प्रिंगेवर २१० किलोच राहतील आणि ती २१ मिलिमीटर दबलेलीच राहील.

शेवटी आपल्याच मेकॅनिकने मागे ठेवलेल्या त्या दोन स्प्रिंगा मी खालून काढून इंजिनाच्या ओळीत शेजारी लावल्या. आता त्या ओळीत चार स्प्रिंगा आहेत, ताठरता ४०, प्रत्येकीवर १०५ किलो आणि दाब साडेदहा मिलिमीटर. दुसरीकडे ९. उतार दीड मिलिमीटर. आपटण्याचा आवाज थांबला. त्याच दोन स्प्रिंगा खाली ठेवल्या तेव्हा ३३ आणि शेजारी ठेवल्या तेव्हा दीड.

तरीही ही सोय तात्पुरती आहे. त्या जागी फ्रेमला भोकं नाहीत, स्प्रिंगा नुसत्या टेकवलेल्या आहेत. शिवाय एकूण ताठरता ४० ऐवजी ६० झाल्याने जमिनीत जाणारा कंप मूळ हिशोबाच्या साधारण दीडपट राहतो. तो कमी करण्यासाठीच मी पैसे मोजले होते.

माझ्या मागण्या :

पहिली, इंजिनाकडे १४ आणि अल्टरनेटरकडे ६ किलो प्रति मिलिमीटरच्या दोन-दोन स्प्रिंगा विनामूल्य बदलून द्याव्यात. २१० भागिले १४ आणि ९० भागिले ६, दोन्हीकडे १५ मिलिमीटरच येतात. फ्रेम सपाट राहील आणि बेरीज आपण कबूल केलेली ४०च राहील. या स्प्रिंगाही २५ मिलिमीटरच्या आत पूर्ण बसणाऱ्या नसाव्यात. अल्टरनेटरकडची ओळ आत सरकवण्याचा पर्याय मला मान्य नाही, कारण समान स्प्रिंगांसाठी अंतर १००० वरून ६०० मिलिमीटर करावं लागेल आणि फ्रेम जास्त डोलेल.

दुसरी, दुसऱ्या भेटीचे घेतलेले पैसे परत करावेत आणि ताणलेला सायलेन्सरचा जोड व डिझेलचा पाइप यांचा खर्च द्यावा. बिलं सोबत जोडली आहेत.

तिसरी, आपल्या निवडीच्या अर्जात वजनाच्या मध्याचा रकाना घालावा, आणि एकावर एक स्प्रिंग ठेवण्याची दुरुस्ती आपल्या माणसांनी कुठेही करू नये, अशी लेखी सूचना त्यांना द्यावी. तिची प्रत मला पाठवावी.

काट्यांवरच्या वजनांचे आणि तिन्ही जोडण्यांच्या मोजमापांचे फोटो सोबत आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. तपासणीला ज्याला पाठवाल त्याने दोन वजनकाटे बरोबर आणावेत. मी त्याच्यासमोर पुन्हा मोजून दाखवीन.

आपला,
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर येथील ग्राहक