दरपत्रक बदलायलाही पैसे पडतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला महागाईवरचा लेख दोनदा वाचला. चार-पाच टक्के महागाई सुसह्य असते, पगार आणि भाव बरोबरीनं वाढले की कुणाचंच नुकसान होत नाही, असं लेखकांनी लिहिलं आहे. त्यांचा अभ्यास माझ्यापेक्षा मोठा आहे, हे मला मान्य आहे. पण मी एकवीस वर्षं खानावळ चालवतो, आणि ‘कुणाचंच नुकसान नाही’ हे वाक्य वाचून रात्री झोप लागली नाही.

घटकाभर धरू की सगळ्यांचं उत्पन्न महागाईइतकंच वाढलं. पण भाव वाढवायचा म्हणजे तो कुठेतरी लिहावा लागतो, आणि लिहायला पैसे पडतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला ‘मेनू कॉस्ट’ म्हणतात. आमच्याकडे तो खर्च शब्दशः मेनूचाच असतो. लॅमिनेशन केलेली बावीस कार्डं, भिंतीवरचा रंगवलेला फलक, जेवणाच्या कुपनांची पुस्तकं, बिलाच्या मशीनमध्ये नवे भाव भरायला येणारा माणूस आणि या गडबडीत बंद राहिलेली एक संध्याकाळ, हे सगळं धरून एका वेळचा खर्च आठ हजारांच्या घरात जातो.

आता हिशेब पाहा. माझी थाळी १२० रुपयांची. दिवसाला चाळीस थाळ्या, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे वर्षाला बारा हजार थाळ्या. पाच टक्के महागाई म्हणजे वर्षभरात थाळीमागे सहा रुपये वाढायला हवेत. मी भाव वर्षातून एकदाच वाढवला, तर तोवर सरासरी तीन रुपये मागे राहतो आणि ३६ हजार रुपये कमी मिळतात. वर छपाईचे आठ हजार, म्हणजे एकूण ४४ हजार. दोनदा वाढवला तर मागे राहणं निम्म्यावर येतं, १८ हजार, पण छपाईचे १६ हजार होतात. एकूण ३४ हजार. तीनदा वाढवला तर १२ आणि २४, म्हणजे पुन्हा ३६ हजार. त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग निवडला तरी ३४ हजार जातातच. यातले १८ हजार माझ्या गिऱ्हाइकांना स्वस्त जेवणाच्या रूपानं मिळाले, त्याचं मला दुःख नाही. उरलेले १६ हजार मात्र कुणाच्याच ताटात पडले नाहीत. छापणाऱ्याला मजुरी मिळाली हे खरं, पण जुनी धडधाकट कार्डं रद्दीत टाकून तीच पुन्हा छापण्यात त्याचेही दोन दिवस गेले. तेवढ्यात त्यानं कुणाची लग्नपत्रिका छापली असती.

हा स्वस्त मार्गही मला प्रत्यक्षात घेता येत नाही. सहा महिन्यांनी तीन रुपये वाढवायचे म्हणजे थाळी १२३ रुपयांची, आणि गल्ल्यावर सुट्या पैशांवरून रोजची भांडणं. म्हणून आम्ही सगळेच वीस-बावीस महिने दम धरतो आणि मग एकदम दहा रुपये वाढवतो. तोवर व्यावसायिक सिलिंडरचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलत राहतो आणि आमचा फलक जागच्या जागी असतो. भाव वाढवल्यावर आठ-दहा दिवस गिऱ्हाईक शेजारच्या खानावळीत जातं, कारण शेजाऱ्याचा भाव वाढवायचा नंबर अजून लागलेला नसतो. त्याचं जेवण चांगलं म्हणून ते जात नाही; त्याची कार्डं माझ्यानंतर छापून होणार, एवढंच कारण.

छपाई वाचवायला मी मधे एकदा कार्डांवर चिकटपट्ट्या लावल्या. ते प्रकरण अजून मनात सलतं. चौदा वर्षं रोज दुपारी जेवायला येणारे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी बोलता बोलता नखानं पट्टी खरवडली. खाली ११० निघाले, त्याखालच्या पट्टीखाली १००. त्यांनी कार्ड उचलून सगळ्यांसमोर विचारलं, “एका कागदावर तीन भाव? आम्हाला काय समजलात?” मी हात जोडून सांगितलं की गुरुजी, भाव फलकावर लिहिलाय, लपवलेला नाही. त्यांनी १२० रुपये मोजून ठेवले आणि त्यानंतर ते आले नाहीत. मी काही चुकीचं केलं नव्हतं, आणि फसवल्यासारखं वाटलं यात त्यांचीही चूक नव्हती. हे नुकसान कुठल्या टक्केवारीत धरायचं?

अमेरिकेतल्या पाच सुपरमार्केट साखळ्यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. नुसते भाव बदलण्यावर एका दुकानाचा वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक खर्च होत होता. विक्रीच्या मानानं तो पाऊण टक्काही नव्हता, पण निव्वळ नफ्याच्या मानानं एक तृतीयांशाहून जास्त होता. कमी नफ्यावर चालणाऱ्या धंद्यात असंच होतं.

दुसरा खर्च चपलांचा. आपल्याकडे ‘चपला झिजवणं’ म्हणतात, आणि अर्थशास्त्रातही त्याचं नाव जोड्याच्या कातड्यावरूनच पडलं आहे. माझी आई बहात्तर वर्षांची. दुखण्याखुपण्यासाठी तिनं तीन लाख रुपये बाजूला ठेवलेत. मोठ्या बँका बचत खात्यावर आज अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज देतात. महागाई चार टक्के धरली, तर ते पैसे खात्यात नुसते पडून वर्षाला साडेचार हजारांनी आटतात. म्हणून तिनं पन्नास-पन्नास हजारांच्या सहा ठेवी केल्यात, सहा-सहा महिन्यांच्या आणि वेगवेगळ्या तारखांच्या, म्हणजे गरज पडली तर एखादी लवकर हाती येईल. वर्षातून बारा वेळा ती रिक्षानं बँकेत जाते, रांगेत बसते, फॉर्म भरते. येण्याजाण्याचे शंभर रुपये धरले तरी बाराशे झाले, शिवाय बारा सकाळी गेल्या. गेल्या पावसाळ्यात दवाखान्यासाठी एक ठेव मुदतीआधी मोडावी लागली, तेव्हा व्याज कापलं गेलं ते वेगळंच. भाव स्थिर असते तर हे पैसे खात्यात निवांत राहिले असते आणि आई घरी.

यूपीआयमुळे नोटा काढायच्या खेपा कमी झाल्या, आणि ज्यांना मोबाइलवर ठेवी करता येतात त्यांची ही पायपीटही वाचते. आईला ओटीपीची भीती वाटते, आणि रोज फसवणुकीच्या बातम्या वाचून तिला धीर द्यायला माझीही जीभ रेटत नाही. मेनूसाठी मी टेबलांवर क्यूआर कोड लावून पाहिला. तरुण मुलं वापरतात, बाकीचे “काय आहे आज?” असं विचारतात आणि फलकाकडे बघतात.

रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून चार टक्क्यांचं उद्दिष्ट आहे, खाली दोन आणि वर सहापर्यंत मुभा. ते शून्य का नाही, याची कारणं मी वाचली आहेत आणि ती मला पटतातही. माझी तक्रार एवढीच आहे की चार टक्के फुकट असल्यासारखं लिहू नये.

जाता जाता आणखी एक. दहा रुपयांचं नाणं चालतं, असं रिझर्व्ह बँकेनं वारंवार स्पष्ट केलं आहे. तरी आमच्या भागात ते कुणी घेत नाही, आणि सुट्या पैशांसाठी मला दहाच्या फाटक्या नोटा गोळा करत फिरावं लागतं. आपण हे पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलंत, तर ते कात्रण मी गल्ल्याशेजारी लावीन. पुढच्या महिन्यात थाळी १३० ची होणार आहे, तेव्हा त्याची गरज पडेल.

आपला,
एक खानावळचालक, सांगली