सामान पार्सलने पाठवतोयस म्हणून

प्रिय मन्या,

तुझा मेसेज वाचला, सोमवारी नागपूरला जॉइन व्हायचंय आणि चार मोठे नग घेऊन गाडीत कसं चढायचं म्हणून टेन्शन घेतलंयस. अजिबात चढू नकोस. मी इथे नागपूरला शिफ्ट झालो तेव्हा पुस्तकं, भांडी, अंथरूण सगळं रेल्वे पार्सलने पुढे पाठवलं आणि स्वतः एक सॅक घेऊन आलो. म्हणून बसून सविस्तर लिहितोय, कारण यात दिवसांचं गणित नीट बसवावं लागतं.

पहिलं म्हणजे लगेज आणि पार्सल वेगळं. लगेज म्हणजे तुझ्या तिकिटावर बुक करून तुझ्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, येणारं सामान, ते गाडी सुटायच्या निदान अर्धा तास आधी लगेज ऑफिसला न्यावं लागतं. पार्सलला तिकीट लागत नाही, ते तुझ्या आधी एकटं येऊ शकतं. तुला तेच हवंय.

गाडी बघून निवड. सीएसएमटीहून सेवाग्राम एक्स्प्रेसने पाठव, ती दुपारी सुटते, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते आणि नागपूरलाच संपते, म्हणजे व्हॅन इथे रिकामी होणारच. विदर्भ एक्स्प्रेस पुढे गोंदियाला जाते, तिच्यात नग उतरवायचा राहिला तर तो पुढे जाऊन परत यायची वाट बघावी लागते. अशीच मधे गाडी बदलायला लागणारी बुकिंग टाळ, बदलीच्या स्टेशनवर सामान पडून राहतं आणि मग दिवस सांगता येत नाही.

पॅकिंगला वेळ दे, इथे मी चुकलो होतो. नुसत्या खोक्याला सेलोटेप लावून पाठवलं होतं आणि वर नाव कागदावर चिकटवलेलं, ते घासून गेलं. इथल्या गोदामात अर्धा दिवस शोधत होतो, शेवटी खोकं उघडून आत टाकलेली चिठ्ठी बघितली तेव्हा ओळख पटली. तू खोक्यावर गोणपाट घाल, दाभणाने सुतळीची शिवण मार आणि गोणपाटावरच जाड मार्करने तुझं नाव, फोन, कुठून कुठे आणि ४ पैकी कितवा नग ते लिही. नाव-पत्त्याची एक चिठ्ठी प्रत्येक नगाच्या आत पण टाक. गादी-उशा करकचून बांध, कारण सामान हलकं पण फुगीर असेल तर वजनाऐवजी आकाराने पैसे लावतात.

पार्सल ऑफिसला सकाळीच जा, ओळखपत्राची झेरॉक्स ठेव. फॉरवर्डिंग नोट भरायची, त्यात काय सामान आहे, पाठवणारा कोण, घेणारा कोण ते लिहायचं, मग वजन होतं, पैसे भरायचे, पावती मिळते. आता नीट ऐक, घेणाऱ्याच्या जागी तुझंच नाव टाक. माझं टाकलंस तरी सामान सोडवायला ओरिजिनल पावती दाखवावी लागते, ती तुझ्या खिशात मुंबईत आणि मी इथे काउंटरवर, मग काय करणार? पावतीचा फोटो काढून ठेव, पण ओरिजिनल जिवापाड जप, हरवली तर इंडेम्निटी बाँड वगैरे करत बसावं लागतं.

बुक झालं म्हणजे त्याच दिवशीच्या गाडीत चढलं असं नसतं. ब्रेक व्हॅनमधले काही कप्पे लीजवर ठेकेदारांकडे असतात, उरलेल्या जागेत बाकीच्यांचं सामान, जागा नसली की पुढच्या दिवशी. पावतीवरचा पीआरआर नंबर parcel.indianrail.gov.in वर टाकलास की कुठवर आलंय ते दिसतं, लोड झालंय का तेवढं बघत जा.

म्हणून गुरुवारी सकाळी बुक कर. त्याच दुपारी गेलं तर शुक्रवारी इथे, एक दिवस लांबलं तर शनिवारी. तू शुक्रवारी रात्री नीघ, शनिवारी येशील. याहून खूप आधी पाठवू नकोस, कारण सामान पोचल्यावर काही तासच फुकट ठेवतात, नंतर तासाच्या हिशोबाने व्हार्फेज म्हणजे सामान ठेवल्याचा आकार लागतो आणि वजन जास्त तर तोही जास्त. घरपोच काही नाही हं, स्टेशन ते स्टेशन. इथून टेम्पोचं मी बघतो.

अजून एक, लॅपटॉप, दागिने, सर्टिफिकेटं सॅकमध्येच. किंमत जाहीर करून जादा चार्ज भरला नाही तर पार्सल हरवल्यावर रेल्वेची जबाबदारी किलोला ५० रुपयांपुरती असते, म्हणजे ४० किलोचा अख्खा नग गेला तरी जास्तीत जास्त २००० रुपये. भांड्यांना चालेल, आईच्या शिलाई मशीनला नाही, तिची किंमत जाहीर कर. आणि गॅसचा सिलिंडर, रॉकेल असलं काही कशात नाही ना ते काकूंना एकदा विचार, ते घेत नाहीत.

मोजताना नगाला नंबर पडले की मला कळव, शनिवारी मी टेम्पोवाल्याला दहाला स्टेशनवर बोलावतो.

तुझा,
संदीप