केस कापायच्या आधी मला थांबवणाऱ्या ताईंना

ताई,

त्या दिवशी कमरेपर्यंतची वेणी घेऊन मी तुमच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पिक्सी करा, आत्ताच." तुम्ही कात्री बाजूला ठेवली. मनातून मी चिडलेच होते. आज त्याबद्दलच आभार मानायचे आहेत.

घरी मी पेन्सिलीची चाचणी करून आले होते. हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीपासून तिच्यापर्यंतचं अंतर मोजायचं. सव्वादोन इंचांपेक्षा कमी भरलं तर आखूड केस शोभतात म्हणे. माझं अडीच भरलं होतं. तुम्ही हसून म्हणालात, "यातून फक्त जबड्याची लांबी कळते. डोक्यावर केस कसे उगवतात, ते पट्टी सांगत नाही." मग केस ओले करून सगळे मागे ओढलेत आणि आरशात बघायला लावलंत. कपाळ, कान, मान, सगळं उघडं. कान बाहेर आलेले मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले!

खरी अडचण भोवऱ्यांची निघाली. मानेवर डावीकडे एक, कपाळाच्या केसरेषेवर एक. वेणीच्या वजनाखाली दोन्ही दबून होते, आखूड झाल्यावर उभे राहणार होते. शिवाय माझे केस दाट आणि किंचित लाटदार, म्हणजे ओले असताना दहा सेंटीमीटर दिसणारी बट वाळून आठवर येते.

म्हणून तुम्ही आधी मानेपर्यंतच कापलेत आणि दोन आठवडे तेल-ड्रायर न लावता केस आपोआप वाळू द्यायला सांगितलंत. पुढचा भोवरा कोणत्या बाजूला वळतो ते तेव्हा कळलं. मग पिक्सी केलीत, तीही केस कोरडे असताना. पुढची बट भोवऱ्याच्या कलानं आडवी आणि जरा लांब, कानांवर थोडे केस, मानेवर मात्र अगदी बारीक, कारण भोवरा मधल्या लांबीत सगळ्यात जास्त फेंदारतो.

केस वाढवायचे झाले तर काय, हा हिशोबही तुम्ही कागदावर मांडून दिलात. महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर. माथ्यावरचे सात सेंटीमीटरचे केस हनुवटीला टेकायला पंचवीसेक सेंटीमीटर व्हावे लागतात, म्हणजे सव्वा वर्ष. मानेवरचे मात्र सहा महिन्यांत कॉलरला लागतात, आणि मागे शेपूट, वर टोपी असा अवतार होतो. म्हणून वाढवतानाही दर सहा आठवड्यांनी फक्त मान कापून घ्यायची. हे आधी कळलं नसतं तर तिसऱ्या महिन्यात वैतागून मी पुन्हा सगळं कापून टाकलं असतं.

आता चौथा महिना आहे. कान झाकलेत, कपाळावरची बट भुवईच्या खाली आलीय. वाढवायचे की नाही, अजून ठरत नाही. शनिवारी मान कापायला येते, तेव्हा ठरवू.

तुमची,
अडीच इंचवाली