तीन तुटी आणि कर्जाचा एकच आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पावरच्या आपल्या लेखात एक वाक्य होते: तूट १५.६९ लाख कोटी, बाजारातून कर्ज १४.८२ लाख कोटी, उरलेल्या ८७ हजार कोटींचे काय, हे सरकार सांगत नाही. पुढच्या आठवड्यात एका वाचकाने पत्रातून उत्तरही देऊन टाकले, की नोटा छापणार, आणखी काय! सरकारी लेख्यांच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, म्हणून राहवले नाही. ते ८७ हजार कोटी मुळात अस्तित्वातच नाहीत. दोन वेगळ्या जातीचे आकडे एकमेकांतून वजा केल्यावर जे निघते, ते हे.

१४.८२ लाख कोटी ही ढोबळ उचल. वर्षभरात जेवढे कर्जरोखे विकायचे त्यांची ही बेरीज. पण त्याच वर्षी जुन्या रोख्यांची मुदत संपते आणि त्यांचे मुद्दल परत करावे लागते. नव्या उचलीतले साधारण ३.२८ लाख कोटी तिकडेच जातात, म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात. ते वगळले की निव्वळ बाजार कर्ज उरते ११.५४ लाख कोटी. राजकोषीय तूट, म्हणजे ते १५.६९ लाख कोटी, ताडून पाहायची ती याच आकड्याशी, कारण मुद्दलाची परतफेड तुटीत धरलीच जात नाही. मग फरक ८७ हजार कोटींचा नसून ४.१५ लाख कोटींचा निघतो. तो कुठून भागवायचा तेही छापलेले असते. त्यातला फार मोठा वाटा अल्पबचतीचा. टपाल कार्यालयातल्या ठेवी आणि बचतपत्रे यांतून आपणच तो पैसा सरकारला उसना देतो. बाकीचे भविष्य निर्वाह निधी, अल्प मुदतीची बिले, थोडी परदेशी मदत आणि तिजोरीतल्या शिलकेतली वाढ-घट.

नोटांचा संशय जुना आहे आणि एके काळी तो खराही होता. सरकार रिझर्व्ह बँकेला तदर्थ ट्रेझरी बिले देई आणि बँक पैसा उभा करून देई. ती पद्धत १९९७ मध्ये बंद झाली. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यानुसार १ एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारचे रोखे विक्रीच्या पहिल्या टप्प्यात, थेट सरकारकडून, घेता येत नाहीत. खुल्या बाजारातून ती ते नंतर विकत घेते, तो विषय निराळा.

आता राजकोषीय तुटीकडे. १५.६९ लाख कोटी येतात कसे? एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी. त्यासमोर महसुली जमा ३४.२० लाख कोटी, म्हणजे राज्यांचा वाटा देऊन उरलेले कर आणि लाभांश-शुल्कासारखी करेतर जमा. शिवाय ७६ हजार कोटींची अशी भांडवली जमा, जी परत करायची नसते: दिलेल्या कर्जांची वसुली आणि मालमत्ता किंवा समभाग विकून येणारा पैसा. खर्चातून या दोन्ही वजा करा, राजकोषीय तूट मिळते. या वर्षी किती नवे देणे डोक्यावर घ्यावे लागेल, एवढेच ती सांगते. ते कशासाठी घेतले, हे तिला विचारून उपयोग नाही.

ते सांगते महसुली तूट. महसुली खर्च ३९.४४ लाख कोटी, महसुली जमा ३४.२०, म्हणून तूट ५.२४ लाख कोटी. पगार, निवृत्तिवेतन, अनुदाने, व्याज असा चालू वर्षाचा संसार चालू वर्षाच्या कमाईत भागला नाही आणि तेवढ्यासाठी उसनवार करावी लागली, असा याचा अर्थ. १५.६९ मधले ५.२४ म्हणजे साधारण एक तृतीयांश. उरलेले कर्ज आणि ते ७६ हजार कोटी मिळून ११.२१ लाख कोटींचा भांडवली खर्च भागतो: रस्ते, रेल्वे, संरक्षणसामग्री आणि राज्यांना दिलेली दीर्घ मुदतीची कर्जे. महसुली तुटीचा हा एक तृतीयांश वाटा २०२०-२१ च्या संकटकाळाशी ताडून पाहावा. त्या वर्षी राजकोषीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९.२ टक्क्यांवर गेली आणि तिच्यातला बहुतांश हिस्सा महसुली तुटीचाच होता. म्हणजे तेव्हाची उसनवार मुख्यतः चालू खर्चासाठी होती.

इथे एक सावधगिरी हवी. शाळेच्या इमारतीसाठी किंवा ग्रामीण रस्त्यासाठी केंद्र राज्याला जे अनुदान देते, ते केंद्राच्या वहीत महसुली खर्चात पडते, कारण मालमत्ता केंद्राची होत नाही. २०२५-२६ मध्ये अशी अनुदाने ४.२७ लाख कोटींची आहेत. ती वजा केली की जी 'प्रभावी महसुली तूट' उरते, ती जेमतेम ९७ हजार कोटी. मंत्री हाच आकडा पुढे करतात आणि विरोधक ५.२४ लाख कोटी. खोटे दोघेही बोलत नाहीत. मला मात्र मोठाच आकडा बघावासा वाटतो. अनुदानाच्या नावापुढे 'मालमत्तानिर्मितीसाठी' असे लिहिले म्हणून मालमत्ता उभी राहिली असे होत नाही, आणि राज्याच्या पातळीवर ते तपासणे अवघड असते.

उलटी चूकही होते. सरकारी कंपनीचे समभाग विकले की राजकोषीय तूट घटते, कारण भांडवली जमा वाढते. महसुली तूट जागची हलत नाही. म्हणून राजकोषीय तूट कमी झाली आणि महसुली तूट तशीच राहिली, तर काटकसर झाली म्हणण्याआधी निर्गुंतवणुकीची ओळ शोधावी.

प्राथमिक तुटीबद्दल आपल्या लेखात एकच ओळ होती, आणि मला सगळ्यांत जास्त बोलावेसे वाटते ते तिच्याबद्दलच. राजकोषीय तुटीतून व्याज वजा केले की प्राथमिक तूट. १५.६९ मधून १२.७६ गेले, उरले २.९३ लाख कोटी. याचा अर्थ, मागच्या सरकारांनी आणि याही सरकारने आधी घेतलेल्या कर्जांचे व्याज नसते, तर या वर्षी फक्त २.९३ लाख कोटींची उचल पुरली असती. सुमारे ८१ टक्के तूट ही जुन्या देण्याच्या व्याजाएवढी आहे. 'एवढी आहे' असे जपून म्हणतो. व्याज कर्जातूनच भरले असे सांगता येत नाही, कारण तिजोरीतल्या पैशावर तो कुठून आला याची खूण नसते. पण महसुली जमेच्या प्रत्येक शंभर रुपयांतले सुमारे ३७ रुपये व्याजात जातात, हे सांगता येते.

व्याज टाळता येत नाही. अर्थमंत्री बदलले तरी जुन्या रोख्यांवरचा दर बदलत नाही. म्हणून आजच्या धोरणाची पारख प्राथमिक तुटीवर होते. २००७-०८ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट २.५ टक्के होती, तरी प्राथमिक खात्यावर शिल्लक होती. कर्ज घेतले जात होते, पण ते सगळे धरूनही व्याजाचा काही भाग सरकारच्या स्वतःच्या जमेतून भागत होता.

आणि कर्ज आटोक्यात आहे की नाही, हेही याच आकड्यावरून ताडता येते. २०२४-२५ अखेर केंद्राचे कर्ज उत्पादनाच्या ५७.१ टक्के, म्हणजे सुमारे १८५ लाख कोटी धरले होते. १२.७६ लाख कोटी व्याज म्हणजे सरासरी दर सातच्या आतबाहेर. प्राथमिक तूट शून्य असती, तर कर्ज फक्त व्याजाएवढे, सात टक्क्यांनी वाढले असते. उत्पादन चालू किमतींना १०.१ टक्के वाढेल असे अर्थसंकल्पात गृहीत धरले आहे. कर्ज सातने वाढणार आणि उत्पादन दहाने, म्हणजे प्रमाण आपोआप दीड टक्क्याहून थोडे अधिक खाली यायला हवे. प्राथमिक तूट ०.८ टक्के आहे, ती त्यातला निम्मा भाग खाते. उरलेली घट साधारण टक्काभर, आणि अर्थसंकल्पात ५६.१ टक्के हेच प्रमाण दिले आहे. हिशेब जुळतो. पण तो ज्या पायावर उभा आहे तोही दिसतो. चालू किमतींची वाढ दहावरून आठवर आली, तर प्राथमिक तूट जागची न हलताही ही घट जवळजवळ नाहीशी होते. महागाई कमी झाल्याचा आनंद अर्थखात्यात थोडा बेतानेच साजरा होतो, तो यामुळे.

या तिन्ही तुटींना एक आंधळी बाजू आहे. अन्न महामंडळाला द्यायचे अनुदान सरकार काही वर्षे पूर्ण देत नव्हते. महामंडळ राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज काढी. धान्य वाटले गेले, देणे सरकारच्या डोक्यावर चढले, आणि तूट मात्र कागदावर आखडलेली राहिली. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ही थकबाकी चुकती करायचे ठरले. २०२०-२१ चे अन्न अनुदान मूळ १.१६ लाख कोटींचे होते, सुधारित अंदाजात ते ४.२३ लाख कोटी झाले. त्यात साथीच्या काळातल्या मोफत धान्याचा खर्च होताच, पण मोठा वाटा जुन्या उधारीचा होता. म्हणजे त्या वर्षीची तूट जितकी वाईट दिसली तितकी ती नव्हती, आणि आधीची वर्षे दिसली तितकी चांगली नव्हती. असे काही लपले आहे का, हे ओळखायला मी एक ढोबळ कसोटी वापरतो. वर्षाअखेरच्या एकूण देण्यांत झालेली वाढ त्या वर्षीच्या राजकोषीय तुटीहून बरीच जास्त असेल, तर मधली रक्कम कुठे तरी अर्थसंकल्पाबाहेर फिरते आहे.

२०२५-२६ चे हे सगळे आकडे अर्थसंकल्पीय अंदाज आहेत. सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष लेखे आले की ते हलतात, म्हणून आज छापलेला आकडा पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा बघावा.

आपणाला एकच विनंती. अर्थसंकल्पाच्या संक्षिप्त पुस्तिकेत तूट कशी भागवणार याचे एक पानभर विवरण असते. निव्वळ बाजार कर्ज, अल्पबचत, भविष्य निर्वाह निधी असे सगळे त्यात ओळीने दिलेले असते. पुढच्या वेळी तिन्ही तुटींच्या चौकटीशेजारी तेही छापावे. जागा कमी पडली तर ढोबळ कर्जाचा आकडा गाळला तरी चालेल.

आपला नम्र,
एक निवृत्त लेखाधिकारी