‘कळावे, लोभ असावा’ याचं फ्रेंच

आंजे, फ्रान्स

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की अर्ज पाठवला का, आणि मी म्हटलं, "पाठवला, फक्त शेवटच्या ओळीला दोन दिवस लागले." तुम्ही हसलात. पण तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून तुम्ही इतकी वर्षं मसुदे तपासलेत, तेव्हा ही गोष्ट सविस्तर तुम्हालाच लिहायला हवी. फोनवर ती सांगता येत नाही. फ्रेंच वाक्यं देवनागरीत लिहिते, म्हणजे तुम्हाला मोठ्याने वाचून आईला ऐकवता येतील.

अर्ज इथून जवळच्या एका छोट्या गावाच्या वाचनालयातल्या कंत्राटी जागेसाठी होता. वाचनालय नगरपालिकेचं, म्हणून अर्ज ग्रंथपालाच्या नावे जात नाही, थेट महापौरांच्या नावे जातो. गाव चार-पाच हजार वस्तीचं असलं तरी नगरप्रमुखाला इथे ‘मेर’च म्हणतात. या गावच्या मेर बाई आहेत.

अर्जाचा मजकूर एका संध्याकाळी झाला. शेवटी मी भाषेच्या वर्गात पाठ केलेली ओळ टाकली: "दाँ लातांत द व्होत्र रेपाँस, व्हये आग्रेए, मादाम, लेक्सप्रेसियाँ द मे सालुतासियाँ दिस्तांगे." शब्दशः सांगायचं तर, ‘आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत, बाईसाहेब, माझ्या विशेष नमस्कारांची अभिव्यक्ती स्वीकारावी.’ आपल्या ‘आपला विश्वासू’सारखं दोन शब्दांत इथे भागत नाही. कागदी पत्राचा शेवट म्हणजे अख्खं वाक्य, आणि त्यात क्रियापद, संबोधन आणि भाव हे तिन्ही आपापल्या जागी लागतात.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका राहतात. आम्ही एकमेकींच्या कुंड्यांना पाणी घालतो, तेवढी ओळख. त्यांना कागद दाखवला. मजकुरावरून नजर फिरवून त्या थेट शेवटच्या ओळीवर थांबल्या आणि पेन्सिल मागितली. एका वाक्यात तीन खुणा!

पहिली खूण ‘मादाम’वर. वर मायन्यात जे लिहिलं असेल तेच, अक्षरशः तेच, खालच्या वाक्यात दोन स्वल्पविरामांच्या मध्ये यायला हवं. वर ‘मादाम ला मेर’ आणि खाली नुसतं ‘मादाम’ म्हणजे वर ‘मा. तहसीलदार साहेब’ लिहून खाली ‘अहो’ म्हटल्यासारखं. पत्र कोण वाचणार हे माहीत नसेल तर वर ‘मादाम, मस्यो’ असं दोन्ही लिहितात, आणि मग खालीही दोन्ही येतात. आडनाव मात्र कुठेच नाही. ‘मादाम अमुकतमुक’ असा मायना जुन्या वळणाच्या माणसांना खटकतो. आपल्याला वाटतं आडनाव लावलं की आदर वाढला, इथे उलट.

यातच एक पोटप्रश्न निघाला. बाई मेर असतील तर ‘मादाम ल मेर’ की ‘मादाम ला मेर’? ‘ल’ पुल्लिंगी, ‘ला’ स्त्रीलिंगी. पूर्वी पद पुल्लिंगी धरून बाईलाही ‘ल’च लावायचे. पदनामांची स्त्रीलिंगी रूपं वापरावीत असं सरकारी परिपत्रक 1986 पासून आहे, फ्रेंच अकादमीने मात्र ती मान्य करायला 2019 साल उजाडलं. अजूनही काही महिला मेर स्वतःला ‘मादाम ल मेर’ म्हणवून घेतात. शेजारीण म्हणाल्या, वाद घालत बसू नकोस, त्या बाई स्वतः कशी सही करतात ते बघ. नगरपालिकेच्या नोटिशीखाली ‘ला मेर’ होतं. प्रश्न मिटला. (‘मेर’चा उच्चार ‘आई’ या अर्थाच्या शब्दासारखाच आहे, त्यामुळे मोठ्याने वाचताना मला उगीच हसू येत होतं.)

दुसरी खूण वाक्याच्या सुरुवातीला, आणि ही चूक तुम्ही एका क्षणात पकडली असती. ‘उत्तराच्या प्रतीक्षेत’ कोण आहे? मी. पण पुढे ‘व्हये आग्रेए’, म्हणजे ‘आपण स्वीकारावा’, याचा कर्ता त्या बाई. ‘आपल्या उत्तराची वाट पाहत, आपण माझा नमस्कार स्वीकारावा’ असं मराठीत लिहिलं तर वाट त्याच पाहतायत असं होईल ना? फ्रेंचमध्ये तसंच होतं. वाक्य प्रतीक्षेने किंवा आशेने सुरू केलं तर पुढे कर्ता ‘मी’च हवा: "झ व्हू प्री दाग्रेए", म्हणजे ‘आपण स्वीकारावा अशी मी विनंती करते’. प्रतीक्षेचा तुकडा गाळला तर ‘व्हये आग्रेए’ने सुरुवात करायला हरकत नाही. पण ते शेवटी आज्ञार्थी रूप, कितीही नम्र असलं तरी. ‘मी विनंती करते’ त्यापेक्षा एक पायरी खाली वाकतं, आणि नोकरी मागणाऱ्याने वाकायला हरकत नसते.

तिसरी खूण मला समजायला वेळ लागला. ‘लेक्सप्रेसियाँ द मे सालुतासियाँ’, नमस्कारांची अभिव्यक्ती. शेजारीण म्हणाल्या, नमस्कार हीच अभिव्यक्ती आहे, तिची आणखी अभिव्यक्ती कसली करतेस? व्यक्त करायचा असतो तो मनातला भाव. म्हणून एकतर सरळ ‘माझे विशेष नमस्कार स्वीकारावे’ लिहायचं, किंवा ‘माझ्या आदरभावाची अभिव्यक्ती स्वीकारावी’ असं. दोन्हींची भेळ करायची नाही. खरं सांगायचं तर ही भेळ इथे रोज दिसते. बँकेच्या पत्रात दिसते, विम्याच्या पत्रात दिसते, आणि बहुतेकांना ती खटकतही नाही. पण वाचनालयाच्या अर्जात भाषेची चूक, ती नेमकी शेवटच्या ओळीत, मला नको होती.

आता भाव कोणता, हा खरा निवडीचा भाग. ‘विशेष नमस्कार’ कुठेही चालतात, घरमालकाला, दुकानाला, ओळख नसलेल्या कचेरीला. त्यात ना ऊब, ना गारठा. ‘साँतिमाँ रेस्पेक्त्युअ’, म्हणजे आदरयुक्त भावना, खालून वर जातात. इथे बाईंनी जुन्या काळातली एक गंमत सांगितली: त्यांच्या लहानपणी बाईने परपुरुषाला पत्रात ‘साँतिमाँ’, म्हणजे भावना, पाठवायच्या नाहीत असा शिरस्ता होता, नमस्कारावर भागवायचं. आता तसं फारसं कोणी मानत नाही, पण साठीच्या पुढचा एखादा गृहस्थ वाचणार असेल तर त्या स्वतः अजूनही ते टाळतात. निवडून आलेल्या माणसाला, मोठ्या अधिकाऱ्याला ‘ओत काँसिदेरासियाँ’, उच्च आदर.

आणि या भावाच्या आधी येणारा शब्दही पाहावा लागतो. ‘लेक्सप्रेसियाँ’, अभिव्यक्ती, ही लहानाने मोठ्याला द्यायची. ‘लास्युराँस’, म्हणजे खात्री किंवा ग्वाही, ही बरोबरीच्याने किंवा वरच्याने खालच्याला. मी मेर बाईंना माझ्या आदराची ग्वाही दिली असती तर ते धाकट्याने थोरल्याला ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ लिहिल्यासारखं झालं असतं. ‘ती.’ कोणाला, ‘चि.’ कोणाला, हे आजीने पाटीवर गिरवून घेतलं होतं, म्हणून मला हे पटकन कळलं. माझ्या वर्गातल्या इतरांना हा भेद उगाच वाटतो.

तर शेवटी वाक्य असं झालं: "दाँ लातांत द व्होत्र रेपाँस, झ व्हू प्री दाग्रेए, मादाम ला मेर, लेक्सप्रेसियाँ द मा ओत काँसिदेरासियाँ." खाली सही.

हे झालं पत्राचं. पण पत्र जोडून पाठवायचं होतं ईमेलने, आणि ईमेलच्या मजकुराखाली पुन्हा एवढं लांब वाक्य लिहिलं तर ते लग्नाचा शालू नेसून भाजी आणायला गेल्यासारखं दिसतं. जोडलेल्या कागदात पूर्ण वाक्य, ईमेलमध्ये चार ओळी आणि खाली एक शब्द. कोणता? इथे सगळीकडे चालणारा शब्द म्हणजे ‘कोर्दियालमाँ’. त्याचं मूळ हृदयाच्या लॅटिन शब्दात आहे, पण वापरून वापरून त्यातलं हृदय पार झिजलंय. सहकारी, कचेऱ्या, दुरुस्तीवाला, सगळ्यांना तोच. पहिल्याच ईमेलमध्ये वरिष्ठाला तो लिहिला तर काहींना जरा सलगीचा वाटतो, म्हणून मी ‘रेस्पेक्त्युअझमाँ’, आदरपूर्वक, लिहिलं. घाईतले लोक ‘कोर्दियालमाँ’ची नुसती चार व्यंजनं ठेवतात. ते मात्र कोणी मला लिहिलं की मला तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं.

चार दिवसांनी नगरपालिकेतल्या नोकरभरती पाहणाऱ्या बाईंचं उत्तर आलं, मुलाखतीची तारीख आणि खाली ‘बियाँ कोर्दियालमाँ’. नुसत्या ‘कोर्दियालमाँ’पेक्षा हे अर्धं पाऊल जवळ. तेव्हा मीही उत्तरात तेच लिहिलं. मी पाळते तो नियम एवढाच: समोरच्याने जितकं जवळ बोलावलं तितकंच जायचं, स्वतः होऊन पुढे नाही. त्याच्या पुढची पायरी ‘बियाँ आ व्हू’, साधारण ‘तुमचीच’. ती ओळख झाल्यावरची. माझ्या वर्गातल्या एका मुलाने घर दाखवणाऱ्या एजंटला पहिल्याच निरोपाखाली ‘बीझ’ लिहिलं होतं, म्हणजे ‘पापा’. त्याने ते मित्रांच्या निरोपांत पाहिलेलं. घर मिळालं, पण एजंट अजून हसतो.

एक उलटं उदाहरणही सांगते. मागच्या हिवाळ्यात गळक्या नळावरून घरमालकाशी माझं वाजलं, तेव्हा त्याची ईमेलं आधी ‘कोर्दियालमाँ’ने संपायची, मग एकदम नुसतं ‘सालुतासियाँ’ आलं. नमस्कार, बस. मजकुरात एकही वाकडा शब्द नव्हता. मी तो निरोप शेजारणींना दाखवला, तर मजकूर न वाचताच त्या म्हणाल्या, "चिडलाय." इथे भांडतानासुद्धा वाक्य पुसून टाकत नाहीत, नुसतं आखूड करतात. मी उत्तर दिलं ते पूर्ण ‘झ व्हू प्री दाग्रेए’ लावून, कारण नोंदणीकृत टपालाने तक्रार पाठवताना नम्रता जितकी चोख तितका कागद मजबूत दिसतो. हे तर तुमच्याच कचेरीत शिकले मी. नळ आठवड्यात दुरुस्त झाला, पण त्याचं श्रेय वाक्याला द्यावं की नळकाम करणाऱ्याला, देव जाणे.

मुलाखत पुढच्या गुरुवारी आहे. आईला सांगा, गोडा मसाला संपत आलाय, पण मुलाखतीआधी पार्सल पाठवू नका, घ्यायला घरी कोणी नसेल. आजीला माझा साष्टांग नमस्कार सांगा, चि. ओंकारला अनेक आशीर्वाद, तो मला ताई म्हणत नसला तरी.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
मनू